पोळ्याची सुट्टी नकाशाला कशी कळवायची?



समजा, मोहर्लीच्या रस्त्यावर एका बचत गटाचं बांबूच्या वस्तूंचं दुकान आहे. गुगलच्या नकाशावर त्याची वेळ रोज सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी दिसते. पोळा आणि तान्हा पोळा हे दोन दिवस दुकान बंद राहतं, पण नकाशाला ते ठाऊक नसतं. नकाशा बघून पाहुणे चंद्रपूरहून गाडी घेऊन येतात, कुलूप पाहतात आणि एक तारा देऊन निघून जातात.

हे टाळायला सुट्टी आधीच लिहून ठेवता येते. दुकानाची नोंद ज्या जीमेलवर केली आहे, तेच खातं मोबाईलमध्ये उघडा आणि गुगलवर दुकानाचं नाव शोधा. Edit profile मध्ये जाऊन Hours आणि त्याखालचं Special hours निवडा. दोन्ही तारखा टाकून ‘बंद’ करा आणि जतन करा. रोजच्या वेळेला हात लावू नका. तिथे बदल केला तर सण संपल्यावरही तोच राहील. Special hours मात्र फक्त त्या तारखांपुरते असतात. बदल कधी कधी तपासणीत अडकतो, म्हणून हे काम आठवडाभर आधी करा आणि दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर तारीख नीट दिसते का ते पाहा. सात दिवस किंवा त्याहून जास्त सलग बंद ठेवायचं असेल, तर Special hours नको, दुकान ‘तात्पुरतं बंद’ दाखवा.

आता अभिप्रायाची सूचना. दुकानाच्या नोंदीतले तीन ठिपके दाबले की Notifications सापडतं. तिथे अभिप्रायाची सूचना सुरू ठेवा. ती व्हॉट्सअॅपवर येत नाही, जीमेलवर येते. खातं सचिवताईंच्या मोबाईलवर असेल आणि त्या माहेरी गेल्या असतील, तर सूचना तिथेच पडून राहते. म्हणून अध्यक्षताईंनाही त्यांच्या स्वतःच्या जीमेलने व्यवस्थापक म्हणून जोडा. पासवर्ड वाटू नका. प्रत्येकीला आपली सूचना आपल्याच खात्यात सुरू करावी लागते.

‘दुकान बंद होतं’ असा अभिप्राय आला, तर Reply दाबून लिहा: ‘पोळ्यामुळे दोन दिवस दुकान बंद होतं. आपली फेरी वाया गेली, माफ करा. आता सुट्टी नकाशावर आधीच दिसेल.’ हे उत्तर सगळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यात गिऱ्हाइकाचा फोन नंबर किंवा भांडण नको. खरा पण कडू अभिप्राय आपल्याला पुसता येत नाही. शिवीगाळ किंवा खोटा मजकूर असेल तर तक्रार करता येते, पण तो काढायचा की नाही हे गुगल ठरवतं.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की महिन्यातल्या सुट्ट्या लिहा, आणि त्या नकाशावर कोण टाकणार तिचं नाव ठरावात नोंदवा.