अडकलेल्या पैशांचे रोजचे शंभर रुपये

एटीएममध्ये कार्ड घातले, पिन दाबला, यंत्राची घरघर ऐकू आली, पण नोटा काही बाहेर आल्या नाहीत. मोबाइलवर मात्र खात्यातून पाच हजार रुपये गेल्याचा संदेश आला. अशा व्यवहाराला बँकेच्या भाषेत अयशस्वी व्यवहार म्हणतात. संपर्क तुटणे, यंत्रातील रोकड संपणे, ठरलेल्या वेळेत उत्तर न मिळणे अशी ग्राहकाचा दोष नसलेली कारणे त्यामागे असतात. हे पैसे किती दिवसांत परत यावेत आणि उशीर झाला तर ग्राहकाला काय मिळावे, हे रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात ठरवून दिले. त्यातील भरपाईचा नियम 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे.

एटीएमसाठी ही मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची आहे. हे दिवस दिनदर्शिकेप्रमाणे मोजायचे. रविवार किंवा बँकेची सुट्टी त्यातून वगळली जात नाही. मुदत उलटल्यावर प्रत्येक दिवसाच्या उशिरासाठी शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. अडकलेली रक्कम पाचशे असो वा दहा हजार, दर तोच राहतो. टक्केवारीऐवजी ठोक रक्कम ठेवल्याचा फायदा लहान खातेदाराला होतो, कारण पाचशे रुपयांवरचे दहा दिवसांचे व्याज एक रुपयाही भरत नाही.

समजा, 3 मार्चला असे पाच हजार रुपये अडकले. मुदत 8 मार्चला संपते. बँकेने 20 मार्चला पैसे परत जमा केले, तर उशीर बारा दिवसांचा होतो. खात्यात पाच हजार आणि शिवाय बाराशे रुपये यायला हवेत. 8 मार्चपर्यंत पैसे आले असते, तर भरपाईचा प्रश्नच नव्हता.

हे बाराशे रुपये ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून जमा करावेत, असे परिपत्रक सांगते. नियमाचा खरा अर्थ याच वाक्यात आहे. आधीच्या, 2011 च्या नियमात सात कामकाजाचे दिवस मोजले जात आणि भरपाईसाठी ग्राहकाने तीस दिवसांच्या आत तक्रार केलेली असावी लागे. आता तशी अट नाही. तरीही मूळ रक्कम परत आली की सारे मिटले असे समजून पासबुक बंद करू नये. भरपाईची नोंद वेगळी दिसते का, हे पाहावे. दिसत नसेल, तर दोन तारखा आणि उशिराचे दिवस लिहून बँकेकडे ती रक्कम मागावी.

एटीएम दुसऱ्या बँकेचे असले, तरी तक्रार कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेकडेच करायची. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, यंत्राची जागा आणि संदेशाचा फोटो जवळ ठेवावा. खरी अडचण वेगळीच असते. यंत्राच्या नोंदीत व्यवहार ‘यशस्वी’ दिसला, तर नोटा दिल्या गेल्या असे धरून बँक तक्रार फेटाळते. अशा वेळी यंत्राची नोंद, त्या दिवशीचा रोकडीचा ताळमेळ आणि कॅमेऱ्याचे चित्रण तपासण्याची लेखी मागणी करावी. यंत्रात हिशेबापेक्षा जास्त रोकड निघाली, तर ग्राहकाच्या म्हणण्याला मोठा आधार मिळतो. चित्रण कायम जपून ठेवले जात नाही, म्हणून ही मागणी लगेच करणे बरे.

यूपीआयमध्ये मुदत कोणाला पैसे पाठवले त्यावर ठरते. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर व्यवहारानंतरच्या एका दिवसात ते परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्याकडे पोहोचली नाही, तर मुदत पाच दिवसांची. दुकानातल्या यंत्रावर कार्ड वापरतानाही पाचच दिवस. पुढच्या उशिराचा दर सगळीकडे रोज शंभर रुपये आहे.

चुकीच्या क्रमांकावर पाठवलेले पैसे या नियमात बसत नाहीत, कारण तो व्यवहार पुरा झालेला असतो. फसवून काढून घेतलेल्या रकमेसाठीही वेगळे नियम आहेत. नियम फक्त देशांतर्गत व्यवहारांना लागू आहे.

बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. बँकेने ती फेटाळली, उत्तर समाधानकारक नसले किंवा तीस दिवसांत उत्तरच आले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. या तक्रारीत मूळ रकमेबरोबर उशिराच्या दिवसांची भरपाईही आकडा घालून मागावी.