शी ताजी असतानाच उचला

सकाळी सातच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या मागच्या बागेत माळीदादा नळी घेऊन उभे असतात. घसरगुंडीजवळ कुत्र्याची शी दिसली की ते पाण्याची धार तिच्यावर धरतात आणि मिनिटभरात जागा स्वच्छ दिसू लागते. मी स्वतः कुत्रा पाळते. घाण दिसेनाशी झाली म्हणजे गेली, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. खरं तर ती पातळ होऊन पसरते. थोडी हिरवळीत मुरते, थोडी मुलांच्या वाळूत जाते.

कुत्र्यांच्या पोटात गोल जंत होतात, त्यांचं शास्त्रीय नाव टॉक्सोकारा. पिल्लांना ते आईच्या पोटातच मिळतात, त्यामुळे पिल्लाच्या शीत त्यांची अंडी सर्वांत जास्त असण्याची शक्यता असते. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र ताज्या शीतलं अंडं कोणालाही बाधत नाही. उबदार, ओलसर मातीत दोन-तीन आठवडे पडून राहिल्यावर त्याच्या आत अळी तयार होते आणि मगच ते धोक्याचं ठरतं. म्हणजे त्याच दिवशी शी उचलली तर सगळी साखळी तिथेच तुटते. राहिली, तर शी वाळून मातीत मिसळते, पण अंडी तिथे अनेक महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. त्यांचं कवच इतकं जाड असतं की फिनेल ओतून ती मरत नाहीत.

अशा मातीत खेळलेलं मूल हात न धुता बिस्कीट खातं, तेव्हा अंडी पोटात जातात. अळ्या आतड्यातून बाहेर पडून यकृतात, फुप्फुसांत फिरतात. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना ताप, खोकला, पोटदुखी होते. क्वचित अळी डोळ्यात पोचते आणि त्या डोळ्याची नजर कायमची अधू होऊ शकते. कुत्र्याला कुरवाळण्यापेक्षा जुनी, घाण झालेली माती जास्त धोक्याची आहे, ती यामुळेच.

अंकुशकृमी याहून घाईचे. पावसाळ्यातल्या ओल्या मातीत त्यांच्या अळ्या आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग पायावर लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ उमटते आणि दिवसागणिक पुढे सरकते. आमचे माळीदादा चिखलात चप्पल काढून काम करतात. आपण न उचललेल्या शीचा पहिला फटका कोणाला बसतो, हे मला त्यांच्या पायांकडे बघून कळलं.

आमच्याकडे यावरून मोठं भांडण झालं. तळमजल्यावरच्या ताईंचा मुलगा नुकता चालायला लागला होता आणि त्याचा पाय शीत पडला. कमिटीच्या बैठकीत कुत्र्यांवर बंदीच घाला, असा सूर निघाला. तशी बंदी सोसायटीला घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण आम्ही पाळणारे त्या कागदावर बोट ठेवून गप्प बसलो असतो, तर ताईंवर अन्याय झाला असता. भटकी कुत्रीही करतातच की, असं आमच्यातल्या एकांनी म्हटलं. करतात, म्हणून वाळूवर रोज रात्री ताडपत्री टाकायचं ठरलं. आपल्या कुत्र्याची शी मात्र आपल्याच हातात आहे.

उचलायला कौशल्य लागत नाही. पिशवी हातमोज्यासारखी हातावर चढवायची, शी मुठीत धरायची, पिशवी उलटी करून गाठ मारायची. पातळ झाली असेल तर वर सुकी माती किंवा राख टाकून दोन मिनिटं थांबायचं, मग पुठ्ठ्याने खरवडून घ्यायची. आधी नळी मारायची नाही. पिशवीशिवाय शी घरच्या संडासात टाकून पाणी सोडता येतं. पिशवीसकट टाकायची असेल तर महापालिकेची गाडी ती कोणत्या डब्यात मागते, हे एकदा विचारून घ्या. सोसायटीच्या खतखड्ड्यात मात्र ती जाऊ देऊ नका. तो खड्डा सहसा अंडी मरण्याइतका तापत नाही आणि तेच खत पुढे कोणाच्या तरी कुंडीतल्या कोथिंबिरीला जातं.

याच्या जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेल्या तारखांना जंताचं औषध द्यायचं. पिल्लांना ते सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी लागतं. औषध चालू आहे म्हणून शी तशीच सोडू नका, कारण दोन डोसांच्या मधल्या काळात जंत पुन्हा होऊ शकतात.

आज रात्री कुत्र्याला खाली नेताना खिशात दोन पिशव्या ठेवा. बरीच कुत्री एका फेरीत दोनदा बसतात, आणि मागे राहते ती बहुतेक वेळा दुसरी.