शंभर टक्के म्हणजे किती मिलिग्रॅम?

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब आधी हवेने संपृक्त पाण्यात जुळवून घ्यावा लागतो. बादलीत एअर पंप बराच वेळ चालवा, मग बुडबुडे निघून जाऊ द्या. हे पाणी १०० टक्के. पण २५ अंशांना समुद्रकाठी त्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर उंचावरच्या महाबळेश्वरात, हवेचा दाब कमी म्हणून, जेमतेम ७. तिथे मीटरला ८.३ सांगितले, तर पुढचे प्रत्येक माप फुगते. मीठ अधिक फसवे. प्रोबला ऑक्सिजनचा फक्त दाब कळतो; समुद्राच्या संपृक्त पाण्यातही तो १०० टक्केच दाखवतो, मिलिग्रॅम मात्र ६.७ च्या आसपास असतात. म्हणून कोळंबीच्या तळ्यावर मीटरमध्ये आधी क्षारता भरा.