झोपेच्या सुईनंतरचा संताप
(म्हातारपण आणि औषधं : भाग ७)

मागच्या भागात वयोमानानं औषधं शरीरात कशी रेंगाळतात ते पाहिलं. डायझेपामचं उदाहरण घेतलं होतं. हे औषध रक्तात निम्म्यावर यायला जितके तास लागतात, ते साधारण माणसाच्या वयाच्या वर्षांइतके असतात. या वेळी त्याच घराण्यातल्या औषधांचा एक विचित्र गुण पाहू. शांत करण्यासाठी दिलेलं औषध कधी कधी माणसाला पेटवतं.

समजावून सांगण्यासाठी एक प्रकरण रचून घेतो. कोणा एका रुग्णाचं नाही, पण वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. रायपूरचे ७६ वर्षांचे आजोबा, भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त. सहा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले, कपाळामागच्या भागात मेंदूला मार बसला. त्यातून बरे झाले, पण तेव्हापासून थोडे तापट. आता लघवीच्या संसर्गामुळे ताप येऊन खासगी रुग्णालयात दाखल. रात्री अकराच्या सुमारास ते पलंगावरून उतरू लागले. मराठीत काहीतरी पुटपुटत होते आणि ड्यूटीवरच्या ब्रदरला हिंदी आणि छत्तीसगढी येत होती. ‘पेशंट बेचैन आहे’ असा फोन गेला आणि शिरेतून २ मिलिग्रॅम लोराझेपाम दिलं गेलं.

दहा मिनिटं आजोबा निपचित. मग उठून बसले, सलाइनची नळी उपटली, मुलाला ‘तू कोण रे चोरा?’ म्हणत थप्पड मारली आणि आयुष्यात कधी तोंडी न आलेल्या शिव्या दिल्या. मुलाला वाटलं, बाबांना भूतबाधा झाली. डॉक्टरांना वाटलं, डोस कमी पडला. पावणेबाराला आणखी २ मिलिग्रॅम गेलं आणि हात पलंगाला बांधले गेले. पहाटेपर्यंत ओरडणं चालूच होतं.

इथे ‘डोस कमी पडला’ हा निष्कर्ष सर्वांत महाग पडतो. बेचैनी आधीही होती, पण सुईच्या आधीचे आणि नंतरचे आजोबा वेगळे होते. आधी ते उठायला धडपडत होते, नंतर ते भांडत होते. औषध अंगात भिनल्यावर काही मिनिटांत ते असे बदलले. दुसऱ्या डोसनंतर राग कमी न होता वाढला. या तीन गोष्टी जुळल्या की संशय औषधावर घ्यायचा. एरवी हा प्रकार दुर्मीळ आहे. निरोगी तरुणांत तो शंभरात एकालाही होत नाही असं मानतात. पण म्हातारपण, स्मृतिभ्रंश किंवा मेंदूला जुना मार असला की शक्यता वाढते.

ही नवलाई आजची नाही. या घराण्यातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली लिब्रियम नावानं बाजारात आलं आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी ‘शांत होण्याऐवजी काहीजण संतापतात’ अशी नोंद केली होती.

असं का होतं? मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना आवरतं. ते ज्या दारावर बसतं ते उघडलं की क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी मंदावते. लोराझेपाम, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधं दार स्वतः उघडत नाहीत. गाबा आलं की ते पुन्हा पुन्हा उघडावं इतकी मदत करतात. म्हणजे औषध ‘शांतता’ पुरवत नाही, जिथे जिथे ही दारं आहेत तिथल्या पेशी मंद करतं. आता प्रश्न कोणत्या पेशी मंदावल्या याचा. कपाळामागचा भाग म्हणजे घरातली कर्ती बाई. राग, भीती, हाव खोलवरच्या भागांतून उसळतात आणि ती त्यांना ‘आत्ता नाही’ म्हणून दटावत असते. औषधानं तीच पेंगुळली तर खालचे मोकाट सुटतात. दारूच्या दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यानंतर सभ्य माणसाची जीभ सुटते तेही बहुतांशी असंच.

आजोबांच्या मेंदूतला हा आवर घालणारा भाग अपघातानं आधीच दुबळा झाला होता. त्यात ताप, त्यात रात्र. शिवाय या औषधानं नव्या आठवणी नोंदवल्या जात नाहीत, त्यामुळे ‘मी रुग्णालयात आहे, हा माझा मुलगा’ हा धागाच तुटतो. अर्धवट जागेपणी कुणी हात धरला तर तो हल्ला वाटतो. मुलगा चोर दिसला तो यामुळे. सकाळी आजोबांना रात्रीतलं काहीही आठवलं नाही. हाही या प्रकाराचा एक ठसा आहे.

आणखी एक कारण प्रयोगशाळेतून पुढे आलं आहे. प्राण्यांच्या मार लागलेल्या मेंदूपेशींत क्लोराइड नेहमीपेक्षा जास्त साठतं. मग गाबानं दार उघडलं की क्लोराइड आत जाण्याऐवजी बाहेर पडू शकतं आणि पेशी मंदावण्याऐवजी उत्तेजित होते. माणसात, आणि तेही अपघाताला वर्षं लोटल्यावर, याचा किती वाटा असतो हे अजून सिद्ध नाही. त्यामुळे मी पहिल्या कारणाला जास्त वजन देतो.

अतिदक्षता विभागात लोराझेपामचा हिशेब मांडणाऱ्यांत एक मराठी आडनाव आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले भूलतज्ज्ञ प्रतीक पांढरीपांडे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कृत्रिम श्वासावरच्या १९८ रुग्णांचा अभ्यास छापला. लोराझेपाम मिळालेले रुग्ण दुसऱ्या दिवशी भ्रमात जाण्याची शक्यता वाढलेली होती आणि डोसबरोबर ती चढत होती. भ्रमातले सगळेच मारामारी करत नाहीत, काही नुसते गप्प पडून राहतात. पण आजोबांसारख्यांचा संताप बहुतेकदा या भ्रमाच्याच पोटातून येतो.

मग त्या रात्री काय करायला हवं होतं? सुई भरण्याआधी बोटाला ऑक्सिजनचं यंत्र, रक्तातली साखर आणि ओटीपोटावर हात. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तेच केलं. मूत्राशय तट्ट फुगलेलं होतं, नळी घातल्यावर ७०० मिलिलिटर लघवी निघाली. आजोबा रात्री मराठीत तेच सांगत होते. लोराझेपाम थांबवलं, हात सोडले, चष्मा लावला, सून उशाशी बसली. पुढच्या दिवसभरात ते निवळले. माणूस स्वतःला इजा करून घेईल अशी वेळ असेल तर हॅलोपेरिडॉलसारखं दुसरं औषध अगदी थोडं, अर्ध्या मिलिग्रॅमपासून देतात, मात्र पार्किन्सनच्या रुग्णाला नाही. फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण मेंदूला मार लागलेल्यांत किंवा या गोळ्या रोज घेणाऱ्यांत त्यानं झटके येऊ शकतात आणि त्याचा असर तासाभरात ओसरतो. म्हणून तो सहसा डॉक्टर राखूनच ठेवतात.

अपवादही लक्षात ठेवा. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक तुटून झालेला भ्रम किंवा फिटचे झटके असतील, तर हीच औषधं योग्य उपचार आहेत. तिथे ती नाकारू नका.

तुमच्या घरी असं एकदा झालं असेल तर औषधाचं नाव, डोस, दिलेली वेळ आणि नंतर काय घडलं, हे डिस्चार्ज कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या प्रत्येक भुलीआधी तो कागद दाखवा. आणि आजी-आजोबा या घराण्यातली झोपेची गोळी महिनोन् महिने घेत असतील, तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून आठवड्यांच्या हिशेबानं कमी करा. एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात.