दूध पाजण्याची सुट्टी म्हणजे सवलतीचे गुण नव्हेत

ठाकुर्लीहून पहाटेची लोकल पकडून केंद्र गाठणाऱ्या स्तनदा परीक्षार्थीला दूध पाजायला किंवा काढायला वेळ दिला, तर इतरांवर अन्याय होतो, हा आक्षेप टिकत नाही. अमेरिकेत नऊ तासांच्या वैद्यकीय परवाना परीक्षेत ४५ मिनिटांचीच सुट्टी असे. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अपील न्यायालयाने स्तनदा परीक्षार्थी सोफी करिअर यांना परीक्षेच्या प्रत्येक दिवशी सुट्टीची ६० मिनिटे वाढवून दिली. संपवलेला विभाग पुन्हा उघडता येत नसल्याने त्या मिनिटांत एकही उत्तर बदलता येत नव्हते. बाळाला सांभाळणारी सोबतीण वर्गाबाहेर बसली आणि पाजताना महिला पर्यवेक्षक हजर राहिली, की कॉपीची शंकाही मिटते. दिवस भरत आलेल्या उमेदवाराला मात्र तळमजल्यावरची जागाही पुरत नाही, केंद्रच जवळ हवे. २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशा एकीला दिवाणी न्यायाधीशपदाची परीक्षा बेंगळुरूऐवजी मंगळुरूत देऊ दिली.