मारादोनाचा गोल कानांनी पाहताना

२२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्तेका मैदानावर मारादोनाने इंग्लंडविरुद्ध केलेला दुसरा गोल डोळ्यांनी अनेकांनी पाहिला आहे. तोच गोल रेडिओवर स्पॅनिशमध्ये ऐकला, की सामना ऐकायला स्पॅनिश किती थोडी लागते ते लक्षात येतं. समालोचक होते मूळचे उरुग्वेचे, पण अर्जेंटिनात गाजलेले बिक्तोर उगो मोरालेस.

चेंडू मारादोनाकडे येतो तेव्हा ते म्हणतात, ‘आई ला तिएने मारादोना’, म्हणजे मारादोनाकडे आला बघा. मराठी कानाला इथला ‘ला’ प्रत्ययासारखा वाटतो, पण हा ‘ला’ म्हणजेच चेंडू. स्पॅनिशमध्ये चेंडू, ‘पेलोता’, स्त्रीलिंगी आहे आणि समालोचक दर वेळी तिचं नाव घेत बसत नाही. ला तिएने म्हणजे चेंडू त्याच्याकडे आहे, ला तोका म्हणजे तो पास देतो, ला पिएर्दे म्हणजे चेंडू गमावतो. खेळाडूचं नाव तर आपल्याला ओळखीचं असतंच. तेव्हा ‘ला’च्या शेजारचं क्रियापद पकडलं, की अर्धा सामना कळतो.

पुढे येतं ‘लो मार्कान दोस’. इथे ‘लो’ म्हणजे तो, खुद्द मारादोना: दोघे जण त्याच्यावर पहारा ठेवून आहेत. मग ‘पिसा ला पेलोता’, चेंडूवर पाय ठेवला. याच क्षणी तो गर्रकन वळून त्या दोघांच्या कचाट्यातून सुटतो. लगेच ‘आर्रांका पोर ला देरेचा’, उजवीकडून सुसाट निघाला. देरेचा उजवी, इस्किएर्दा डावी, हे दोन शब्द मात्र पाठच करावेत. रेडिओवर मैदान डोळ्यांसमोर उभं राहतं ते त्यांच्यामुळेच.

यानंतरची गंमत मला सगळ्यात आवडते. मोरालेस म्हणतात, ‘बा आ तोकार पारा बुरुचागा’, आता बुरुचागाला पास देणार. क्रियापदाआधी ‘बा आ’ आलं, की गोष्ट अजून घडलेली नाही, घडू पाहते आहे असं समजावं. आणि पास काही जात नाही. ‘सिएम्प्रे मारादोना’, अजूनही मारादोनाच! समालोचकाचा अंदाज चुकला, तसाच इंग्लंडच्या बचावपटूंचाही. त्यापुढे शब्द संपतात. ‘हेनियो’ (अलौकिक प्रतिभेचा माणूस) तीनदा, मग नुसतं ‘ता-ता-ता-ता’, आणि गोल. त्यानंतर रडवेल्या आवाजात त्यांनी मारादोनाला ‘बारिलेते कोस्मिको’, म्हणजे अंतराळातला पतंग म्हटलं आणि कुठल्या ग्रहावरून आलास असं विचारलं. हे दोन शब्द अर्जेंटिनात त्या गोलचं टोपणनावच होऊन बसले आहेत.

एक अडचण मात्र येते. स्पॅनिश एक असली तरी मैदानावरची बोली देशागणिक बदलते. गोलकीपर स्पेनमध्ये ‘पोर्तेरो’, अर्जेंटिनात ‘आर्केरो’. पेनल्टी स्पेनमध्ये ‘पेनाल्ती’, तर लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘पेनाल’. ऑफसाइडला स्पेनमध्ये ‘फुएरा दे हुएगो’ आणि मेक्सिकोत ‘फुएरा दे लुगार’ म्हणतात. ब्वेनोस आयरेसच्या माणसाच्या तोंडी मात्र इंग्रजी शब्दच ‘ओर्साय’ होऊन येतो. उच्चारही फसवतो. चेंडू घेऊन जातो या अर्थाचं ‘ला येबा’ ब्वेनोस आयरेसमध्ये ‘ला शेबा’ असं ऐकू येतं. म्हणून एकाच सामन्यासाठी माद्रिदचा आणि ब्वेनोस आयरेसचा समालोचक आलटूनपालटून ऐकू नये. नवशिक्याच्या डोक्यात नुसता गोंधळ होतो.

काही शब्दांच्या पोटात मात्र इतिहासच असतो. कॉर्नरवरून मारलेला चेंडू कुणाचाही स्पर्श न होता थेट जाळ्यात गेला, तर स्पॅनिश समालोचक ‘गोल ओलिम्पिको’ ओरडतो. हा गोल ऑलिंपिकमध्ये झालेला नव्हे. १९२४ साली उरुग्वेने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ब्वेनोस आयरेसमध्ये अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने त्यांच्यावर असा गोल केला. कॉर्नरवरून थेट गोल ग्राह्य धरण्याचा नियमही त्याच वर्षीचा. ऑलिंपिक विजेत्यांना चिडवण्यासाठी शेजाऱ्यांनी दिलेलं हे नाव शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

शेपटाला ‘आसो’ लागलेले शब्दही ओळखून ठेवावेत. गोलचा ‘गोलासो’ झाला म्हणजे अफलातून गोल. ‘काबेसा’ म्हणजे डोकं, त्यावरून ‘काबेसासो’ म्हणजे हेडर. अर्थात ‘गोलासो’ची खैरात करणारे समालोचकही भरपूर आहेत, त्यामुळे या शब्दावर फार विसंबू नये.

मोरालेस यांचं ते समालोचन इंटरनेटवर सहज मिळतं. आधी चित्रासह ऐका, मग डोळे मिटून. दुसऱ्या खेपेला चेंडू कुठे आहे हे कळलं, तर पुढचा सामना स्पॅनिशमध्येच लावायला हरकत नाही.