करार नंतर, अनामत आधी

अमूलचं पार्लर टाकायचं तर अनामत रक्कम भरावी लागते, हे खरं आहे. भामट्यांचं सगळं दुकान चालतं ते या खऱ्या गोष्टीच्या आधारावर.

अमूलने जाहीर केलेल्या माहितीनुसार साध्या आउटलेटसाठी शंभर ते दीडशे चौरस फूट जागा आणि 25 हजार रुपये परत मिळणारी अनामत लागते. आइस्क्रीम पार्लरला तीनशे चौरस फूट आणि 50 हजार. रॉयल्टी नाही. कमिशन पिशवीतल्या दुधावर अडीच टक्के, दुग्धजन्य पदार्थांवर दहा आणि आइस्क्रीमवर वीस टक्के, म्हणजे बेताचंच. चौकात मोक्याचा गाळा असलेल्या माणसाला हे आकडे पटण्यासारखे आहेत. तो मोबाइलवर ‘अमूल फ्रँचायझी’ असं शोधतो आणि तिथूनच गडबड सुरू होते.

शोधाच्या निकालात सर्वांत वर दिसते ती अनेकदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. 2020च्या जानेवारीत अमूलने अशाच बनावट जाहिरातींवरून गूगलला कायदेशीर नोटीस पाठवली होती. त्याच वर्षी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्या दाव्यातला एक प्रतिवादी कोणी माणूस नव्हता, तर संकेतस्थळाचा पत्ता होता: amul-franchise.in. न्यायालयाने असे पत्ते बंद करण्याचे आदेश दिले. पण एक बंद केला की दुसरा उघडायला काही शे रुपये आणि दहा मिनिटं पुरतात. खरा पत्ता amul.com. त्यात नंतर जोडलेले ‘फ्रँचायझी’, ‘डीलर’, ‘पार्लर’ हे शब्द कोणीही विकत घेऊ शकतो.

पुढचा प्रवास साधारण ठरलेला असतो. समजा, मिरजेच्या एका तरुणाने त्या पानावर नाव आणि फोन नंबर भरला. तासाभरात फोन येतो. बोलणारा सफाईदार हिंदीत ‘सर’ म्हणत गाळ्याचं क्षेत्रफळ विचारतो, आधार, पॅन आणि गाळ्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवतो. दुसऱ्या दिवशी ‘अॅप्रूव्हल लेटर’ हजर! लोगो, गोल शिक्का, जीएसटी क्रमांक, खाली कोणा ‘मॅनेजर’ची सही. सोबत सूचना: 25 हजार अनामत आज भरा, नाहीतर तुमच्या भागाचा कोटा दुसऱ्याला जाईल. पैसे गेले की कराराच्या मुद्रांकाचे, मग डीप फ्रीजरचे, मग पहिल्या मालाचे. प्रत्येक हप्त्याला ‘रिफंडेबल’ हा शब्द चिकटवलेला. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो.

या सगळ्यात एक गोष्ट घडलेली नसते: गाळा बघायला कोणी आलेलं नसतं. दूध-आइस्क्रीम विकणारी कंपनी रस्ता, वर्दळ, वीज आणि जवळचा वितरक न बघता दुकान मंजूर करत नाही. जागा न बघता, करार हातात न देता फोनवरून पैसे मागितले, की इतर कागद तपासायचीही गरज उरत नाही.

खात्याचं प्रकरण अधिक बारकाईने समजून घ्यायला हवं. भामटा जो खाते क्रमांक देतो, त्यासमोर नाव मात्र अमूलची विक्री करणाऱ्या ‘गुजरात को-ऑपरेटिव्ह मिल्क मार्केटिंग फेडरेशन’चंच लिहून देतो. भरणाऱ्याला वाटतं, नाव चुकीचं असेल तर बँक अडवेल. पण एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावरून. लिहिलेलं नाव जुळतंय का, हे पाहिलंच जात नसे. क्रमांक भाड्याने घेतलेल्या कोणा तिऱ्हाइताच्या खात्याचा असला तरी रक्कम बिनबोभाट जाई. रिझर्व्ह बँकेने 30 डिसेंबर 2024च्या परिपत्रकाने बँकांना 1 एप्रिल 2025पर्यंत खातेदाराचं खरं नाव आधी दाखवायची सोय करायला सांगितलं. सोय उशिरा आली, पण कामाची आहे. मात्र ती पाहणाऱ्यालाच उपयोगी पडते. पडद्यावर संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं किंवा अनोळखी ‘एंटरप्रायझेस’चं नाव आलं आणि पलीकडून ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ असं उत्तर मिळालं, तर फोन ठेवून द्यावा.

पैसे गेलेच असतील तर आधी त्या ‘मॅनेजर’शी हुज्जत घालत बसू नये; तेवढ्या वेळात रक्कम चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघून जाते. लगेच 1930 वर फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक सांगा, आपल्या बँकेला कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. ते पत्र, स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरचं संभाषण रागाच्या भरात पुसू नका, पोलिसांना तेच लागतं.